तोंडावर 'ओला' म्हणणं

आमच्या जिनिंगमध्ये भरल्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून कापसाचा ओलावा ओळखायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडावर सांगायचं, ओला आहे, वाळवून आणा. प्रतवारीसाठी प्रोबेशनवर घेतलेल्या शेजारच्याच कळसाडी गावच्या त्या तरुणाचा हात पक्का होता. तोंड मात्र उघडायचं नाही. फाटकातून येणारा जो तो त्याचा मामा नाहीतर काका! ओल्या गाडीवरही तो 'कोरडा' लिहायचा. गंजीत कापूस तापला, पिवळा पडला. आम्ही त्याला लेखी समज दिली, प्रोबेशन वाढवून दिलं. त्याने मान खाली घालून सही केली आणि दुसऱ्याच दिवशी आणखी एका मामाचा कापूस कोरडा करून टाकला. माझं डोकंच फिरलं.

शेठ म्हणाले, "पैसा खास तो. तसंच लिखी टाक, आजच काढ."

ऑफिस मी सांभाळते, कागद माझ्याच हातून जातो. मी सांगितलं, तसं लिहायचं तर आधी आरोप द्या, चौकशी करा, त्याचं ऐकून घ्या. आणि तो पैसे खात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शेठनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

मग मी लिहिलं: 'प्रोबेशनच्या काळातील आपले काम पाहता आपण प्रतवारीच्या पदासाठी योग्य आढळला नाहीत. नियुक्तिपत्रातील अटीप्रमाणे एक महिन्याची सूचना देऊन या महिनाअखेर आपली सेवा संपवण्यात येत आहे. त्या दिवसापर्यंतचा पगार व शिल्लक रजेचा मोबदला शेवटच्या दिवशी मिळेल. भविष्य निर्वाह निधीचे कागद ऑफिस भरून देईल.' शेठनी सही केली. पहिल्या तारखेला नोटीस मीच त्याच्या हातात दिली.

त्याने ती दोनदा वाचली. "घर काय सांगू, ताई? लोके चोर समजतीन."

"चोरीचा शब्द कुठे आहे यात? कोणीही मागितली तर खुशाल दाखव," मी म्हणाले. मला तेव्हा त्याची फार माया आली, आणि त्याच्यावर रागही तितकाच आला.

शेवटच्या दिवशी हिशेब घेऊन तो निघाला. फाटकापर्यंत मी सोबत गेले. तिथे त्याच्या सख्ख्या मामाचा ट्रॅक्टर उभा होता. नोटिशीचं मामाला काहीच माहीत नव्हतं. भाचा दिसताच त्याने ताडपत्री उचलली. सवयीने याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि तिथेच थांबला.

"मामा," तो म्हणाला, "कापूस ओला शे. वाळाडीसन लई या."

मामाने स्वतः मूठभर कापूस दाबून पाहिला, ताडपत्री परत बांधली आणि ट्रॅक्टर वळवायला घेतला. रागाचा लवलेश नव्हता.

"मंग हाई पहिलेच का बरं नही सांगं रे भाचा?" जाता जाता तो म्हणाला. "मागला कापूस बी ओलाच व्हता."