बेबाबाईचं नाक

पिंप्राळ्याच्या एका सोसायटीत बेबाबाईच्या नाकाला मोठा मान. भातावर नुसतं नाक नेलं की ती सांगायची, कालचा की परवाचा. नशिराबादहून नवऱ्याच्या मागं इथं आली, नवरा गेला तशी दलिचंद शेठजींकडं स्वयंपाकाला लागली. त्याला एकोणीस वर्षं झाली. तिच्या हाताखाली अन्न कधी फुकट गेलं नाही. उरल्या भाताचे वडे, शिळ्या भाकरीचा कुटका, आणि काही नासलंच तर ते नाक आधी सांगे.

शेठजींच्या पत्नी तारादेवींना गाठींचा कॅन्सर निघाला, किमो सुरू झाली, तेव्हा दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ रूपाली मॅडमनी स्वयंपाकीणबाईलाच बोलावलं.

"शिळं द्यायचं नाही. कच्च्या दुधाचं पनीर, मऊ चीज नाही. जे द्याल ते वाफा निघेपर्यंत शिजवलेलं, लगेच वाढलेलं."

"फ्रीजमधलं चालंल ना?"

"लिस्टेरिया नावाचा एक जंतू असतो. तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. धडधाकट माणसाला बहुतेक काही होत नाही. पण यांच्या अंगात आता झुंजायला बळ नाही. रक्तात गेला, मेंदूत गेला, तर माणूस हातचा जातो. आणि ताप कधी कधी कित्येक आठवड्यांनी येतो, काय खाल्लं ते आठवतही नाही."

"मी वास घेऊन सांगते ना, मॅडम."

"त्याला वास नसतो, मावशी."

त्या दिवसापासून बेबाबाईचा स्वतःच्या नाकावरचा भरोसा उडाला.

होळीनंतर आठव्या दिवशी मारवाड्यांची शीतळा माता. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं. आदल्या संध्याकाळी बेबाबाईनंच पुऱ्या तळल्या, गुलगुले केले, भातात दही-साखर कालवून ओलिया करून फ्रीजात ठेवला. करताना तारादेवींना विचारलं, "बाईसा, तुमच्यासाठी?" "उद्या बघू," त्या म्हणाल्या, आणि बेबाबाई गप्प बसली. हेच चुकलं, असं तिला रात्रभर वाटत राहिलं.

सकाळी आपल्या खोलीवर मुगाची खिचडी खदखदवून, डबा फडक्यात गुंडाळून ती दोन गल्ल्या पळतच आली. हळद-कुंकू लावलेला गॅस थंड होता. पूजा उरकून घरचे जेवायला बसले होते. तारादेवींच्या ताटात ओलिया, आणि चमचा हातात.

"बाईसा, थांबा!"

बेबाबाईनं पुढं होऊन ताटच ओढलं.

"बेबाबाई!" शेठजींचा आवाज चढला. "प्रसादाचं ताट ओढतेस?"

"ओढते, शेठजी. काढून टाका मले कामावरून, पन हे बाईसांच्या पोटात नही जाऊ द्यायची."

"रात्रभर फ्रीजात होतं."

"तेच तं म्हनते. फ्रीजात तो किडा मरत नही, वाढतो."

तारादेवींनी हातातला भरला चमचा हुंगला. "वास तर चांगला आहे. तूच केलंस ना हे? आपल्याच हातच्याला नावं ठेवते?"

"माह्याच हातचं हाये. मलेबी वास चांगलाच आला. म्हनून तं भ्या वाटतं."

तारादेवींनी चमचा मात्र सोडला नव्हता.

"एकावन्न वर्षांत मी हा दिवस मोडला नाही, बेबा."

"मोडू नका. मातेले नैवेद्य ठंडाच दाखवला ना? तुमची चूल ठंडीच हाये ना? पेटली ती माही चूल."

"ऊन अन्न आज या उंबऱ्याच्या आत येणार नाही." शेठजींनी निकाल दिला.

बेबाबाईच्या हातातला डबा निवत चालला होता. तिनं फडकं आणखी घट्ट आवळलं. दोन-तीन महिन्यांत तारादेवी आरशाशिवाय कुणासमोर गेल्या नव्हत्या. किमोनं केस जाऊन डोकं सगळं उघडं पडलेलं, शेजारणींनी विचारलं तर झोपल्यात म्हणून सांगायचं.

त्याच तारादेवी भिंतीला धरून उठल्या. "मग मी उंबऱ्याबाहेर जाते."

ओढणी डोक्यावर नीट ठरेना. केस नसले की कापडही घसरतं. दारासमोर जिन्याच्या पायरीवर त्या बसल्या. वरच्या मजल्यावरची सुनंदाबाई भाजीची पिशवी घेऊन उतरत होती, ती तिथंच थबकली. तारादेवींनी तिच्याकडं बघितलं, आणि ओढणी सावरायचं सोडून दिलं.

बेबाबाईनं झाकण काढलं. वाफेचा लोट उठला, तेव्हा कुठं तिचा श्वास मोकळा झाला.

शेठजी बाहेर आले. प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि स्वतः जिन्याकडं पाठ करून आडोशासारखे उभे राहिले.

तारादेवींनी घास घेतला.

"मीठ कमी आहे."

"तेबी मॅडमनंच सांगलं."

"तुझी मॅडम माझ्या जिभेची वैरीण आहे," म्हणत त्यांनी दुसरा घास घेतला. "आणि ते ताट?"

"घरातल्यांले खाऊ द्या. त्यांले नही होत काही."

डबा तळाला लागेपर्यंत बेबाबाई तिथंच उभी राहिली. उरलेली चार शितं तिनं कधी नव्हे ती टाकून दिली.