माझ्या पत्रकात वहिनी बसली नाही

पत्रक मीच लिहिलं होतं. एक पान, दोन घड्या, वर मोठ्या अक्षरांत: बाळंतीण रडते तेव्हा. आत आठ प्रश्न. आमच्या बायकांच्या गटानं ते भिवंडीभर वाटलं. बाळंतपणानंतरच्या उदासीला नाटक म्हणणाऱ्या सासवांवर, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्या नवऱ्यांवर मी बैठकांमधून तुटून पडायचे. मला वाटायचं, या विषयातलं मला सगळं कळतं.

मग माझ्याच घरात, नारपोलीत, वहिनी बाळंत झाली. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, पडघ्याला व्हायचं. पण तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती आमच्याकडेच राहिली. मुलगा झाला. आई खूश, दादा गोदामात पेढे वाटून आला.

तिसऱ्या दिवसापासून वहिनी झोपेना. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. लंगोट घडी करायची, मोडायची, परत घडी करायची. पाचवीला तर घरातल्या बायकांनी जागायचंच असतं. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. त्यामुळे ती आधीचे दोन दिवसही झोपलेली नव्हती, हे जागरणात झाकून गेलं.

सकाळी ती पाटापाशी बसून कोरा कागद वाचत होती. बोट फिरवत, ओळीनं.

“काय लिहिलंय गं?” मी थट्टेनं विचारलं.

“तुम्हाला नाही दिसायचं, ताई. ते माझ्यासाठीच आहे.” आणि हसली.

आईनं मला मोरीपाशी ओढलं. “ही आपली वाटत न्हाय. नजर बघ तिची. कायतरी लागलंय पोरीला. आपण भगताकडं नेऊ.”

मी चवताळले. “एक बाई दमलीये, झोप नाही, आणि तुला भूत दिसतंय? शिकलेल्या मुलीची आई ना तू?”

“तू शिकलीस, मंग तू सांग काय झालंय ते.”

मी सांगितलं. पत्रक काढलं, वहिनीसमोर बसले आणि आठही प्रश्न विचारले. रडू येतं का? नाही. उदास वाटतं? छे, इतकं छान कधीच वाटलं नव्हतं. बाळाचा कंटाळा येतो? ती पुन्हा हसली. “ताई, हा साधा मुलगा नाही.” झोप लागते का? “मला आता झोपेची गरजच नाही.” मी ‘नाही’वर खूण केली आणि म्हणाले, तान्हं घरात असताना झोप कुणाला लागते! मी हे म्हणत होते तेव्हा तान्हं तिच्या शेजारी गाढ झोपलेलं होतं.

संध्याकाळी दादाला सांगितलं, “डिप्रेशन नाहीये. खुशाल ड्युटीला जा.”

भगताकडे मी नेऊ दिलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता! आणि दवाखान्यातही नेलं नाही. आईला काय झालंय ते सांगता येत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे दिसत होतं. मला सांगता येत होतं, म्हणून दिसलं नाही.

पुढचे तीन दिवस असेच गेले. एका तासाला वहिनी भराभर बोलायची, एका वाक्यातून दुसऱ्यात उडी. दुसऱ्या तासाला तिला आज वार कोणता ते आठवायचं नाही. मध्येच अगदी पहिल्यासारखी चहा मागायची आणि आम्ही म्हणायचो, बघा, बरी आहे. खालच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटातून कुणीतरी बाळाला हाका मारतंय म्हणून तिनं खिडकी लावून घेतली. आईच्या हातचं खाणं बंद केलं. एकदा म्हणाली, “दवाखान्यात बदललं याला.” मी म्हणाले, “वहिनी, असं बोलू नये.” एवढंच. पत्रकवाली मी!

नवव्या दिवशी, भर दुपारी, आई वाळवण बघायला गच्चीवर गेली. वहिनी तिथं पाण्यानं भरलेल्या पिंपाशी उभी होती. हातात उघडं बाळ. चेहरा शांत. “आई, हा लिहिलेला नाही. याला धुते आणि परत देते.” आईनं झडप घालून बाळ काढून घेतलं. वहिनी रडली नाही, भांडली नाही. रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

रिक्षात आई बाळाला घेऊन पुढे ड्रायव्हरच्या बाजूला आणि वहिनी मागे माझ्या नि दादाच्या मध्ये. भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात, डॉक्टरनं आधी ताप बघितला, बीपी घेतलं, रक्त काढलं. जंतुसंसर्गानं, आणखीही काही आजारांनी माणूस असा भ्रमिष्ट होऊ शकतो. मग ठाण्याला मानसोपचार विभागात पाठवलं.

दादा तिथल्या डॉक्टर मॅडमना म्हणाला, “गोळ्या द्या, घरीच देतो. अ‍ॅडमिट केलं तर गावभर होईल.”

“हिला रक्तस्राव होत असता तर उद्या आणतो म्हणाला असतात?” मॅडम म्हणाल्या. “हाही तसाच प्रसंग आहे. ती तासातासाला बदलतेय. आता नीट बोलेल, घटकाभरानं जे ऐकू येतंय ते करेल. स्वतःचा जीव घेईल, बाळाचाही. जीव लावते म्हणूनच घेईल, त्याला वाचवतेय असं समजून. तिला एक क्षण एकटं सोडायचं नाही, आणि बाळ तिच्याजवळ एकटं नाही.”

मी माझं पत्रक पुढे केलं. का केलं, कोण जाणे. त्यांनी वाचलं.

“हे उदासीचं आहे. बरोबर आहे. ती बहुतेक वेळा हळूहळू येते, आठवड्यांनी, महिन्यांनी. बाई खचते, स्वतःला दोष देते, पण भान सहसा जात नाही. हे वेगळं. हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच अचानक येतं. झोप उडते, बोलणं सुटतं, संशय, गोंधळ, नसलेलं दिसणं, ऐकू येणं. उदासच दिसेल असं नाही, आनंदात असेल. तुमच्या आठ प्रश्नांत तिला जागाच नाही.”

वहिनीला दाखल केलं. पडघ्याहून तिची आई आली, डोळ्याला काळा चष्मा. कॉलेजात असताना पोरगी आठवडाभर झोपली नव्हती, भलतंसलतं बोलत होती, वर्षभर औषध चालू होतं, हे तिनं तिथं सांगितलं. लग्न मोडेल म्हणून लपवलेलं. मॅडम म्हणाल्या, हे माहीत असतं तर गरोदरपणातच तयारी करता आली असती. मला तिच्या आईवर ओरडायचं होतं. कुठल्या तोंडानं ओरडणार?

वहिनी बरी झाली. हे मी जोरात लिहिते: बरी झाली. काही आठवड्यांत आवाज गेले, कागद कोरा झाला. औषध चालू आहे, चालू राहील. पुढचं मूल आधी डॉक्टरांना विचारूनच.

पण दादाच्या मनातून पिंप गेलं नाही. वहिनी पडघ्याला, बाळ आमच्याकडे. रविवारी दुपारी दोन तास भेट. मॅडमनी त्याला दोनदा बोलावून समजावलं, आता हळूहळू एकत्र राहू द्या म्हणून. मी भांडले. तो एवढंच म्हणाला, “तूच सांगितलं होतंस ना, खुशाल ड्युटीला जा?”

परवा वहिनी आली. पोर आता पाच महिन्यांचं. तिच्या मांडीवर दिलं की आक्रंदतं, माझ्या आईकडे गेलं की गप्प. वहिनीनं त्याची झबली घडी केली. एकदाच.

“आई,” ती म्हणाली, “तो झोपला की हलकेच माझ्याजवळ ठेवा. झोपेत रडायचा नाही.”

आईनं ठेवलं आणि दारातच बसून राहिली. थोड्या वेळानं मला हातानं खुणावलं. दोघंही झोपली होती. वहिनीचं तोंड किंचित उघडं, श्वास संथ, तिच्या बोटाभोवती त्याची मूठ.

“झोपली गं,” आई कुजबुजली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

जिन्यावरून दादाचा आवाज आला. “बस चुकेल. उठव तिला.”

मी उठवायला वाकले. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.