जिन्याखाली ठेवलेली काळी पिशवी

ऐंशीच्या दशकात मी नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून रुजू झाले आणि सेवेची शेवटची दोन वर्षं कोरोनाच्या साथीत गेली. त्या काळात ऑफिसातल्या वापरलेल्या मास्क आणि हातमोज्यांच्या विल्हेवाटीचं काम माझ्यावर आलं. सुरुवातीला लोक मास्क टेबलाखालच्या टोपलीत टाकायचे, चहाच्या कपांवर, केळीच्या सालींवर. आमच्या सफाईच्या मावशी ते उघड्या हातांनी उचलायच्या. एकदा मी ते पाहिलं आणि झाकण असलेली, पायानं उघडणारी बादली मागवली. भिंतीवर कागद लावला. ज्यानं वापरला त्यानंच मास्कच्या दोऱ्या आणि पट्टा कात्रीनं कापायचा, हातमोजेही कापायचे, म्हणजे कोणी धुऊन परत विकणार नाही. मग ते कागदी पिशवीत टाकायचे. पिशवी भरली की तोंड बंद करून तारीख लिहायची आणि तीन दिवस कोपऱ्यातल्या खोलीत ठेवायची. त्यानंतरच ती सुक्या कचऱ्यात जायची. या बाबतीत मी इतकी कडक होते की साहेबसुद्धा माझ्या देखत कात्री हातात घ्यायचे.

दुसरी लाट आली आणि मिस्टरांना ताप आला. तपासणी पॉझिटिव्ह निघाली. ऑक्सिजन ठीक होता, म्हणून डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. माझी तपासणी निगेटिव्ह आली, तरी मलाही बाहेर पडायची बंदी होती. ते आतल्या खोलीत आणि मी बाहेरच्या खोलीत राहायला लागलो. दाराशी ताट ठेवायचं, हातमोजे घालून भांडी उचलायची, मग हातमोजे काढायचे. दिवसाला चार-पाच मास्क आणि सहा-सात हातमोजे साठत होते.

महापालिकेच्या आरोग्य विभागातून फोन आला. बाई नम्रपणे म्हणाल्या, "रुग्णाचे मास्क, टिश्यू, हातमोजे घरच्या कचऱ्यात देऊ नका. पिवळ्या पिशवीत, दुहेरी बांधून ठेवा. वेगळी गाडी येईल, भरलं की आम्हाला कळवा."

मी "हो" म्हणाले.

पण कळवलं नाही. कारण आमच्या इमारतीत आधीच्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या एका घरासाठी ती गाडी आली होती. पांढरे पोशाख घातलेले दोघं जिना चढले, पिवळी पिशवी खाली नेली आणि त्या संध्याकाळपासून त्या घराचं दूध जिन्यातच ठेवलं जाऊ लागलं. लिफ्टमध्ये त्या घरच्यांसोबत कुणी चढेना. मी ते बाल्कनीतून बघितलं होतं. कचऱ्याच्या रंगावरून आख्ख्या इमारतीला कळतं, हे मला ठाऊक झालं होतं.

पाच दिवसांचा कचरा मी बाल्कनीत साठवला. सहाव्या दिवशी सकाळी साध्या काळ्या पिशवीत भरला, वर जुने वर्तमानपत्राचे कागद दाबले, तोंड गाठ मारून बांधलं. मास्कच्या दोऱ्या कापायच्या, जंतुनाशक फवारा मारायचा, काहीच केलं नाही. जिन्यानं खाली उतरले, जिन्याखालच्या कचऱ्याच्या बादल्यांजवळ पिशवी ठेवली आणि कुणी पाहायच्या आत वर आले.

घंटागाडीचं गाणं वाजलं तेव्हा मी पडद्याआडून खाली पाहत होते. आमच्या गाडीवर एक ताई होत्या, पन्नाशीच्या आतल्या, पदर डोक्यावरून घेतलेल्या. त्यांनी पिशवी उचलून गाडीपाशी आणली, कचरा ओला की सुका ते बघायला दाबली, आणि कडेनं ती फाटली. मास्क रस्त्यावर सांडले. त्यांच्या हातमोज्याचा अंगठा फाटलेला होता, तो मला तिसऱ्या मजल्यावरूनही दिसला. त्या खाली वाकल्या, एक एक मास्क उचलला, हातमोजेही उचलले आणि सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकले. नंतर त्याच हातानं त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

मी खाली ओरडून सांगू शकले असते. मी पडदा ओढून घेतला.

पुढचे दोन दिवस त्या आल्या. तिसऱ्या दिवशी गाडीबरोबर दुसराच माणूस होता. चौथ्या दिवशीही तोच. मी बाल्कनीतून विचारलं, "नेहमीच्या ताई कुठे आहेत?"

तो मान वर करून म्हणाला, "त्यांना ताप आलाय. घरी आहेत."

दिवसभर माझं लक्ष कशात लागेना. आत मिस्टर खोकत होते, आणि मी मनात मोजत होते, पिशवी केव्हा फाटली, ताप केव्हा आला. जेवणाचं ताट दाराशी ठेवताना म्हटलं, "मी एक वाईट काम केलंय." आतून त्यांनी विचारलं, "काय?" मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "आता तरी फोन कर."

मी विभागाला फोन लावला. त्याच बाई होत्या. पिशवी कोणत्या दिवशी ठेवली, कुणी उचलली, सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "अजून कचरा शिल्लक आहे का?" होता. "तो आजच नेऊ. त्या ताईंची तपासणी झालीय का ते मी बघते."

दुपारी गाडी आली. दोघं जण जिना चढले. इमारतीतल्या प्रत्येक दाराची कडी हलल्यासारखी वाटली. समोरच्या घरानं दार लावून घेतलं, ते पुढचे तीन आठवडे माझ्यासमोर उघडलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र संध्याकाळी खिचडीचा डबा दोरीनं बाल्कनीत सोडला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ताईंची तपासणी पॉझिटिव्ह होती. त्रास सौम्य होता, पण त्यांच्या सासूबाई त्याच घरात होत्या. मी त्या रात्री झोपले नाही. सासूबाईंना काही झालं तर काय, हा एकच विचार होता. मी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या पिशवीमुळेच झालं असेल का?" ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. त्या रोज शेकडो घरांचा कचरा उचलतात. पण म्हणून ते चालतं असं नाही."

जवळजवळ तीन आठवड्यांनी ताई परत गाडीवर दिसल्या. आमचं विलगीकरण संपलं होतं. मी खाली गेले, चार हात दूर उभी राहिले आणि म्हटलं, "ताई, ती फाटलेली काळी पिशवी माझी होती. मिस्टर आजारी होते. मी लपवलं."

त्यांनी गाडीला टेकून माझ्याकडे पाहिलं. "सासूबाईंना काही झालं नाही," त्या म्हणाल्या. मला तेच आधी विचारायचं होतं. "तुमच्यामुळंच झालं असं कुठं लिहिलंय? पण मॅडम, पिशवी पिवळी असती ना, तर मी हात नसता लावला. काळीत काय आहे ते आम्हाला वरून कळत नाय. आम्ही दाबून बघतो."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"लय लोकांचं चुकतं. सांगायला कुणी खाली येत नाय." एवढं बोलून त्या गाडीकडे वळल्या.

पुढे बरेच महिने त्या आमच्या इमारतीपासून थोड्या लांबूनच हाक मारायच्या. मी खाली नेलेला कचऱ्याचा प्रत्येक डबा स्वतः उघडून दाखवायचे, हा ओला, हा सुका. त्या पाहायच्या, मान हलवायच्या आणि मग हात पुढे करायच्या.