चाळीस तयार वाक्यं

भोसरीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी नऊ वर्षं इंग्रजी लेखन शिकवते आहे. परदेशात नोकरीला जायचं तर जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिच्या तयारीचा हा क्लास. सकाळी नर्सेस येतात, संध्याकाळी चाकणच्या कंपन्यांतून शिफ्ट संपवून आलेले इंजिनिअर. ऐकणं, वाचणं, बोलणं बहुतेकांना जमून जातं. अडतं ते लेखनात.

पहिल्याच वर्षी मालकांनी मला एक काम सांगितलं. ते गावातल्या जुन्या शेतकरी घरातले. इमारत त्यांचीच, खाली दुकानं आणि वर क्लास.

"मॅडम, कुठल्याबी निबंधात चालतील अशी वाक्यं काढून द्या. पोरं सहा आठवडे येत्यात, जाताना हातात काय तरी पायजे का न्हाई?"

दोन दुपारी बसून मी चाळीस वाक्यं काढली. 'इन धिस मॉडर्न एरा', 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स', 'इट इज अ बर्निंग इश्यू', अशी. शिवाय परिच्छेदाच्या तोंडाशी लावायला 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर', 'लास्ट बट नॉट द लीस्ट' असे जोडशब्द. मी स्वतः ही परीक्षा दिली तेव्हा यातलं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. गुण कसे देतात ते परीक्षा घेणारे जाहीर करतात, तेही मी वाचलेलं होतं. पाठ केलेला मजकूर परीक्षक ओळखतो आणि तो उमेदवाराची भाषा म्हणून धरत नाही. जोडशब्द ठोकून बसवलेले दिसले की गुण नऊपैकी सहाच्या आसपास रेंगाळतात. हे सगळं माहीत असून मी यादी केली. नोकरी नवी होती, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला बरीच वर्षं लागली. यादी वाटताना समोरचे चेहरे खुलायचे, आणि ते मला आवडायचं.

ती आली तेव्हा यादीची कितवी तरी झेरॉक्स चालू होती. दिघीत राहणारी, तिशीची, चिंचवडच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. वडील कंपनीतून रिटायर झालेले. परदेशातल्या एका हॉस्पिटलने मुलाखत घेऊन तिची निवड केली होती. लेखनात साडेसहा मिळाले की नेमणुकीचं पत्र पक्कं. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि सांगितलेलं सगळं करायची. चाळीसच्या चाळीस वाक्यं तिने दहा दिवसांत पाठ केली.

पहिल्या वेळी लेखनात सहा आले. बाकी तिन्ही भागांत हवे होते त्याहून जास्त. मी म्हटलं, थोडक्यात गेलं, पुन्हा दे. दुसऱ्या वेळी साडेपाच.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती नाइट ड्यूटी करून थेट क्लासला आली. परीक्षेचा पेपर परत मिळत नाही, पण तिने तो आठवून वहीत लिहून आणला होता. आठवणं अवघड नव्हतं. निम्मा माझाच होता.

विषय होता, सरकारने रस्त्यांवर खर्च करावा की बसवर. सुरुवात 'इन धिस मॉडर्न एरा'ने. एका 'मोअरओव्हर'नंतर आलेलं वाक्य आधीच्याच्या नेमकं उलट होतं. मधेच एक वाक्य तिचं स्वतःचं होतं. दिघीहून यायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि बस उशिरा आली की आधीच्या शिफ्टची नर्स वॉर्डात अडकून पडते. त्या वाक्यात जोडशब्द म्हणून फक्त एक साधा 'अँड' होता, तरी मागचं पुढच्याला धरून होतं.

"मॅडम, आता अजून काय पाठ करू?" तिने विचारलं.

"काही पाठ करू नकोस," मी म्हटलं. "हे एक वाक्य सोडून बाकी सगळं खोड."

तीन आठवडे ती रोज दुपारी येत राहिली. वर्ग तेव्हा रिकामा असायचा. शब्द एकमेकांसोबत कसे नांदतात ते मी तिला आधी मराठीतून दाखवलं. आपण रांगोळी काढतो, विडा लावतो, नवस फेडतो. कोणी 'नवस भरला' म्हणालं तर कळतं, पण कानाला टोचतं. ती 'बिग ट्रॅफिक' आणि 'डू अ मिस्टेक' लिहायची, ते असंच टोचणारं होतं. तिथे 'हेवी ट्रॅफिक' हवं, 'मेक अ मिस्टेक' हवं. मग मी तिला शिफ्ट बदलताना लिहायच्या नोंदी आणायला सांगितल्या. त्यांत 'ड्रेस द वूंड' होतं, 'द पेन सबसाइडेड' होतं. कोणी न शिकवता, रोजच्या कामातून आलेल्या अचूक जोड्या. तेच बाकीच्या विषयांत करायचं होतं. वर्तमानपत्रात जोडी दिसली की पूर्ण वाक्यासकट उतरवायची, आणि तीच जोडी घालून आपल्या रोजच्या जगण्यातलं एक वाक्य लिहायचं.

जोडशब्दांसाठी उलट रीत. निबंधातले सगळे काढून टाकायचे, मोठ्याने वाचायचं, आणि जिथे अर्थ तुटेल तिथेच परत घालायचे. बसच्या उशिराबद्दल एक वाक्य झालं की पुढचं नुसतं 'धिस डिले' म्हणून सुरू केलं तरी सांधा जुळतो. अडीचशे शब्दांच्या निबंधात तिचं एकच 'हाऊएव्हर' उरलं. तिथे खरोखरच विरोध होता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिने वही मिटली.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, यादी द्यायचं मालकांनी सांगितलं होतं.

"आम्ही पेशंटला चुकीचं औषध दिलं आणि म्हटलं, वरून सांगितलं होतं, तर ते चालत नाही मॅडम." आवाज चढलेला नव्हता. दुसऱ्या दिवशीही ती वेळेवर आली. फक्त तिचे प्रश्न आता वहीपुरतेच असायचे.

तिसऱ्या परीक्षेत तिला लेखनात सात मिळाले. तिने फोन करून सांगितलं, थँक्यू म्हणाली आणि ठेवला. चार दिवसांनी कळलं की त्या हॉस्पिटलच्या जागा मधल्या काळात भरल्या होत्या. पुढची भरती कधी, हे नर्सेस पाठवणाऱ्या एजन्सीलाही सांगता येत नव्हतं. पहिल्या दोन परीक्षांत गेलेले महिने कुठून परत आणणार?

त्याच आठवड्यात क्लासबाहेर फ्लेक्स लागला. तिचा फोटो, मोठ्ठे सात, आणि खाली: आमच्या चाळीस वाक्यांची कमाल. तिचा मेसेज आला, फ्लेक्सवरून माझा फोटो उतरवायला सांगा. मी मालकांकडे गेले.

"सात पडले का न्हाई?" ते म्हणाले. "यादी तिच्याकडं हुती का न्हाई? मग खोटं काय हाय त्यात?"

"यादी टाकून दिली म्हणून सात पडले, सर."

"ते फ्लेक्सवर कसं लिहायचं मॅडम?" ते शांतपणे म्हणाले आणि फोन घेतला. मी वर्गात परत आले. भांडले नाही. फोटो तसाच राहिला, कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्यावर चढेपर्यंत.

तिने आठ महिने वाट पाहिली. मग आखातातल्या एका हॉस्पिटलात गेली. तिथे निबंध मागत नाहीत. जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिला लांबलचक मेसेज लिहिला, चूक माझी होती म्हणून. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

मी अजून तिथेच शिकवते. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगते की तयार वाक्यांनी गुण वाढत नाहीत, उलट अडकतात. मुलं मान हलवतात आणि जाताना काउंटरवरून यादी घेतात. यादी बंद करा, नाहीतर मी चालले, असं मालकांना म्हणता आलं असतं. मी अजून म्हटलेलं नाही.