आजीनं डबा बंद केला तेव्हा

एप्रिलमधला दुसरा रविवार. मिरच्यांची देठं काढायला बसले होते. वर्षभराचं तिखट याच दिवसांत होतं आणि ते काम मी दुसऱ्यावर टाकत नाही.

आतल्या खोलीत मुलगी कॉम्प्युटरपाशी बसली होती. त्या कॉम्प्युटरवर मी दोन-तीन दुकानांची बिलं चढवते, म्हणून त्याला नेटची जाड तार थेट पुढच्या खोलीतल्या वायफायच्या डब्यातून ओढून घेतली आहे. मुलगी वीस वर्षांची. मोबाइलवर चौघींच्या टोळीनं एक गोळीबाराचा खेळ खेळते. त्या दुपारी एका मोठ्या स्पर्धेसाठी निवडीचा शेवटचा सामना होता. बापाशी तिचं ठरलं होतं: निवड झाली तर वर्षभर खेळायचं. नाही झाली तर सोमवारपासून सेलूला, मामाच्या दुकानात हिशेबाला बसायचं. तिनं मान्य केलं होतं. ती बोलते ते करते, हेच मला नकोसं झालं होतं.

बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत घराघरात वायफाय. त्यांचे सिग्नल एकमेकांच्या अंगावर चढतात. खेळता खेळता मध्येच तिचा खेळाडू जागीच खिळायचा आणि मरायचा. म्हणून तिनं वायफाय सोडून दिलं. मोबाइल चार्जिंगच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडला. पहिली केबल फक्त चार्ज करणारी निघाली, कॉम्प्युटर मोबाइलला ओळखेना. माझ्या मोबाइलसोबत आलेली केबल लावली तेव्हा ओळखला. मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी डीबगिंग, म्हणजे कॉम्प्युटरला मोबाइल हाताळू देणारी सोय, चालू केलं, कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम सुरू केला. मोबाइलनं विचारलं, व्हीपीएन जोडू का? तिनं हो म्हटलं. वर कोपऱ्यात किल्लीचं चिन्ह आलं, म्हणजे आता मोबाइलचं सगळं नेट त्या केबलमधूनच.

"मोबाइलचं नेट कॉम्प्युटरले देतात लोकं," तिचे बाबा दारातून म्हणाले. "तू हे उलटं काय करून राह्यली?"

"उलटंच करून राह्यली, बाबा. कॉम्प्युटरचं नेट तारेनं मोबाइलले."

"मंग सोमवारी दुकानात बी उलटीच बसजो, गल्ल्याकडे पाठ करून."

"निवड झाल्यावर बोलजा."

सासूबाई पाणी प्यायला आत आल्या. नातीच्या पायाजवळ केबल पाहून थांबल्या. "काऊन वं, हे काय लटकून राह्यलं?"

"आजी, आज मी वायफाय बंद केलं. तारेवर खेळतो."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत जाऊन बसल्या.

सामना सुरू झाला. अर्धा तास ती एकदाही ओरडली नाही, तेव्हा मला कळलं की नेट नीट चाललंय. मिरच्यांचं सूप गच्चीवरून खाली आणताना मी डोकावले. टोळीतल्या दोघी बाद झाल्या होत्या, ही आणि आणखी एक उरली होती. दोघी टिकल्या तर निवड पक्की, असं तिनं मान न वळवता सांगितलं.

आभाळ एकदम काळं झालं. पाऊस नाही, नुसता गडगडाट. वीज कडकली की प्लग काढायचे, हा आमच्या घरातला नियम. मागे एकदा टीव्ही आणि नेटचा डबा दोन्ही जळाले होते, तेव्हापासून. सासूबाई उठल्या. टीव्हीचा प्लग काढला, मग नेटच्या डब्याचा.

आतून मुलगी ओरडली, "आई! नेट गेलं!"

मी पुढच्या खोलीत धावले, प्लग परत लावला. डब्याचे दिवे एकेक करत लुकलुकत राहिले. त्याला जागं व्हायला दोनेक मिनिटं लागतात. तिकडे तिनं मोबाइलचं स्वतःचं नेट चालू केलं, तरी काही होईना. किल्ली तशीच होती. व्हीपीएन तोडल्याशिवाय मोबाइल त्या मेलेल्या तारेकडेच नेट मागत होता. तिनं केबल उपटली, व्हीपीएन तोडलं, खेळात परत शिरली. तोवर तिला मारलं होतं. दुसरीही एकटी पडली आणि बाद झाली. निवड हुकली.

"मीनं काय केलं?" सासूबाई दारात उभ्या. "तूच म्हनली ना, वायफाय बंद हाय म्हणून? मले वाटलं, डब्याचं आज काही काम नाई."

"त्याच डब्यातून तार आली आहे, आजी."

"मले काय मालूम?"

"तुमाले कोनी सांगितलंच नाई," मुलगी म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला काही करता आलं असतं. तिनं तिघींना फोन केले, प्रत्येकीला तेच सांगितलं, नेट गेलं. का गेलं ते एकीलाही सांगितलं नाही. तिचे बाबा थट्टा करायला आले आणि दारातूनच परत गेले. आयोजकांना लिहून पाहा, असं मी सुचवलं.

"नेट ज्याचं त्यानं सांभाळायचं, हे नियमातच आहे, आई."

मी उरलेल्या मिरच्या पुढे ओढल्या. जेवताना सासूबाईंनी पोळीचा एक तुकडा मोडला आणि ताट सरकवलं. कोणी आग्रह केला नाही.

सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. भेंडीची भाजी, चार पोळ्या, लोणचं. सेलूच्या बसपर्यंत तिला गाडीवर सोडलं. खिडकीशी बसून तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. बस निघाल्यावर मी भावाला फोन करून सांगितलं, पोरगी निघाली आहे, तिला पहिल्या दिवशी काही विचारू नको.