पहिले वीस फोटो

वडील गेल्यानंतरच्या महिन्यात मला काहीच वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागायची, झोप यायची. आदिलाबादच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ते मी पाचव्या दिवशीच उघडलं. लोक हळहळायचे, मी मान हलवायचो आणि किती प्रती हव्यात ते विचारायचो.

वडिलांच्या लोखंडी पेटीत आजोबांची वही सापडली. आजोबा निजामाच्या काळात पटवाऱ्याच्या हाताखाली कारकून होते, आणि त्या काळच्या कारकुनांसारखं सगळं उर्दूत लिहायचे, घरचंसुद्धा. आमच्या घरात उर्दू त्यांच्याबरोबरच संपली. वही आहे हे आत्याला कळलं, आणि तिने बाजारहत्नूरहून फोन केला.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, पंचाहत्तरीच्या पुढची. तिच्या जन्माच्या वेळी आजी गेली. आजोबांनी पोरीला बाजारहत्नूरला तिच्या मामाकडे दिलं आणि पुन्हा घरी आणलं नाही. ती तिथेच वाढली, तिथेच तिचं लग्न झालं. बाप भेटायला आल्याचं तिला आठवत नाही. याबद्दल ती कधी काही बोलली नव्हती. फोनवर म्हणाली, "वावराचं काई पाहू नको. बापाले माई याद होती का नाई, एवढंच पाह्य."

मी हो म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

मुलीने माझ्या फोनमध्ये एक चॅटचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्याला फोटो दाखवला की ते वाचून मराठीत सांगतं. मी दुपारी गिऱ्हाईक नसताना वहीच्या पानांवर पेन्सिलीने आकडे टाकले, एकापासून शहात्तरपर्यंत, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढला. हात सवयीने चालत होते. दिवसभर दुसऱ्यांची कागदपत्रं उलटणाऱ्या माणसाला पान कसं उलटायचं याचा विचार करावा लागत नाही.

त्या अ‍ॅपमध्ये एका संदेशात वीसच फोटो जायचे. एकविसावा निवडला की नकार. म्हणून वीस, वीस, वीस आणि शेवटी सोळा असे चार हप्ते केले. प्रत्येक हप्त्याला लिहिलं, पानामागे एक ओळ सांग. ते सांगत गेलं. पाऊस, पाहणी, तहसीलदाराचा दौरा, घोड्याला चारा, "घरगुती बाब". अक्षर घाईने ओढलेलं आहे, काही शब्द नक्की लागत नाहीत, हेही ते दर वेळी सांगायचं. मी वरवर नजर फिरवायचो. मधेच पावसाबद्दल, पिकांबद्दल उगाच लांबलचक प्रश्न विचारत बसलो. वडिलांबद्दल कुणाशी बोलायचं नव्हतं, तेवढा वेळ जायचा. असे चार दिवस एकाच चॅटमध्ये गप्पा वाढत गेल्या. एकदा पडद्यावर सूचना आली, संभाषण फार लांबल्याने सुरुवातीचा भाग थोडक्यात करून ठेवतो आहे. मी ती बोटाने सरकवून टाकली.

चौथ्या हप्त्यानंतर मी आत्याचा प्रश्न विचारला. या वहीत मुलीचा उल्लेख आहे का? उत्तर आलं की समोर असलेल्या पानांत मुलीचा उल्लेख दिसत नाही. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. मी "दिसत नाही" एवढं वाचलं आणि आत्याला फोन लावला.

"नाही आत्या."

 ती म्हणाली, "बरं." आणि माझ्या जेवणाचं विचारलं.

दोन दिवसांनी दुकानात एक घड्याळदुरुस्तीवाले म्हातारे गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले. वही टेबलावर पडली होती. त्यांनी ती हातात घेतली आणि सरळ माझ्या शेवटच्या पानाकडून उघडली. हसत म्हणाले की उर्दूची वही इकडून सुरू होते. माझा शहात्तर आकडा त्यांच्या बोटाखाली होता, आणि ते वहीचं पहिलं पान होतं.

 महिन्याभरात पहिल्यांदा मला काही वाटलं, आणि ती भीती होती. मी फोन काढून त्या उत्तराखालच्या दोन ओळी वाचल्या. सरळ लिहिलं होतं: सुरुवातीला पाठवलेले फोटो आता माझ्यासमोर नाहीत, त्यांबद्दल फक्त आधी लिहिलेल्या एका ओळीच्या नोंदी उरल्या आहेत, खात्री हवी असेल तर ती पानं पुन्हा पाठवा.

तेव्हा सगळं उलगडलं. मी उलट्या बाजूने आकडे टाकले होते, म्हणून नंतरचे तिन्ही हप्ते आत्याच्या जन्माआधीच्या वर्षांचे होते. त्यात मुलगी कुठून येणार? मुलगी असलीच तर ती माझ्या पहिल्या वीस पानांत, आणि तेच फोटो लांबलेल्या गप्पांत मागे सुटले होते. त्याच्या नोंदींत फसली सन, म्हणजे निजामाच्या दफ्तरातलं वर्ष, दर हप्त्याला मागे मागे गेलेलं होतं, तेही मी पाहिलं नाही. अ‍ॅपने खोटं सांगितलं नव्हतं. मीच सुस्तावलो होतो.

नवी चॅट उघडली. तिला जुनं काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे सगळं पुन्हा सांगावं लागलं. या वेळी विसाव्या पानापासून मागे येत पाच-पाचच फोटो पाठवले, जवळून काढलेले, आणि शब्द न् शब्द मागितला. आधी ज्याला "घरगुती बाब" म्हटलं होतं, तिथे लिहिलं होतं: "आज बाजारहत्नूरला गेलो. मुलगी अंगणात खेळत होती. लांबून पाहिली आणि परतलो." दोन पानं सोडून पुन्हा तेच. "मुलीला ताप होता असं कळलं. मामाने औषध आणलं आहे." पुन्हा, "मुलगी आता आईसारखी दिसते. जवळ गेलो नाही." पहिल्या वीस पानांत असं नऊ वेळा. घड्याळवाल्या चाचांकडे वही नेली. दोन शब्द त्यांनी बदलले, बाकी बरोबर आहे म्हणाले.

हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बाजारहत्नूरला गेलो. आत्या ओसरीवर सूप पुढ्यात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझी चूक मी आधी सांगितली, पानं उलटी लावली, फोटो मागे राहिले, मी नीट वाचलं नाही. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. मग नऊ नोंदी वाचल्या. तिचे हात थांबले नाहीत. शेंगा सोलून झाल्या, टरफलं तिने बाजूला लोटली.

"दोन दिवस लय जड गेले रे," ती म्हणाली. "पन मंग म्या त्यायले माफ करून टाकलं. म्हटलं, नसन याद केली, पुरुष मानूस. मोकळी झालती मी." तिने माझ्याकडे पाहिलं. "आता तू म्हनतं, तो अंगनापर्यंत आला होता. आन् जवळ नाई आला. हे कसं माफ करू, सांग."

 माझे डोळे भरून आले, वडील गेल्यापासून पहिल्यांदा.  ते पाहून सूप माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, पहिली नोंद परत वाच.