शांत झालेला सेल

बॅटरीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पेटीवाल्या बाई म्हणत. आर्गॉन वायूने भरलेली काचेची मोठी पेटी, तिला पुढून दोन भोकं, भोकांना खांद्यापर्यंत येणारे काळे रबरी हातमोजे. लिथियमला हवेतली ओल लागली की ते काळवंडतं, म्हणून त्याची सगळी कामं या पेटीत हात घालून करायची. पेटीत दाब थोडा जास्त असतो, त्यामुळे कुणी नसताना ते मोजे बाहेर फुगून ताठ उभे राहत. नवीन माणूस सकाळी दार उघडून एकदा तरी दचकतोच. बाईंना मात्र त्यांची सवय झाली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून, मधली काही वर्षं मुलीच्या मागे धावण्यात घालवून, त्या परत याच पेटीपाशी आल्या होत्या.

मुलगीही आता त्याच प्रयोगशाळेत होती. घरात तिचं नाव खारू, कारण लहानपणी ती एका जागी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिचं काम पलीकडच्या चाचणीच्या खोलीत. आई बोटाच्या नखाएवढे सेल बांधायची, लेक तळहाताएवढे मोठे सेल चार्ज करून बघायची.

"बाई, तुमची लेक तुमच्यापेक्षा महागाचं सामान फोडते," असं प्रमुख सर म्हणत. खारू म्हणे, "सर, मी फोडत नाही, ते आपणहून फुटतं."

बाईंना ही थट्टा आवडत नसे. त्या हसत, पण घास अडकल्यासारख्या.

काम होतं लिथियम धातूच्या ऋण टोकाचं. नेहमीच्या बॅटरीत त्या टोकाला ग्राफाइट असतं. लिथियम त्याच्या थरांमध्ये भाडेकरूसारखं येऊन राहतं आणि निघून जातं. पण त्या घराचं ओझं बॅटरीला कायम वाहावं लागतं. घरच काढून टाकलं आणि नुसता लिथियमचा पत्रा ठेवला, तर तेवढ्याच वजनात त्या टोकाला दहापट साठवण मिळते. शिवाय इलेक्ट्रॉन सोडायला लिथियमइतकं उतावीळ दुसरं काही नाही, म्हणून व्होल्टेजही चांगलं मिळतं. अडचण एवढीच, की ज्याला घर नाही ते कुठेही बसतं. प्रत्येक चार्जला धातूचा नवा थर चढतो, प्रत्येक वापराला उतरतो. जिथे जरासा उंचवटा, तिथे पुढचं लिथियम गर्दी करतं. त्यातून शेवाळासारखे, केसासारखे तंतू उगवतात. एखादा तंतू दोन टोकांमधला पातळ पडदा भेदून पलीकडे पोचला, की सेल आतल्या आत शॉर्ट होतो आणि पेटूही शकतो.

यावर सरांनी पत्र्यासाठी एक नवा लेप काढला होता. लेपाखाली लिथियम सपाट बसेल, अशी आशा. बाईंनी दोन्ही बाजूंना लिथियम ठेवून सेल बांधले. करंट एकदा इकडे, एकदा तिकडे. धातू या काठावरून त्या काठावर. संगणकावर व्होल्टेजची रेष पायऱ्यांसारखी दिसे, आणि सेल थकत जाईल तशा पायऱ्या उंच होत. बाईंच्या सेलच्याही होत होत्या. मग एके दिवशी पायऱ्या खाली उतरल्या. बुटक्या, सरळ, एकसारख्या झाल्या आणि तशाच राहिल्या.

"पृष्ठभाग सपाट बसला!" सर टेबलावर थाप मारून म्हणाले. बाईंनाही अगदी तसंच वाटलं. त्यांनी कॅन्टीनमधून सगळ्यांना चहा पाजला. त्याच लेपाचा मोठा सेल तयारच होता, हळूहळू बऱ्याच वेळा चार्ज होऊन झालेला. दुपारी तो पहिल्यांदा जलद चार्ज करायचं ठरलं. चार्जचे चिमटे लावायला चाचणीच्या खोलीत जाणार होती खारू.

चहाचा कप विसळताना बाईंना एक जुनी दुपार आठवली. खारू दोन वर्षांची असताना शेजारच्या खोलीत अशीच एकदम गप्प झाली होती. त्या स्वयंपाकघरात खूश होत्या, की पोर शहाण्यासारखं खेळतंय. जाऊन बघतात तर पोरीच्या घशात मणी, आणि ओठ निळे.

त्या पुन्हा रेषेपुढे बसल्या. किती शांत रेष. थकलेला सेल मधेच ताजातवाना कसा होतो?

"खारू, आज नको लावूस तो सेल."

"आई, का पण?"

"ही रेष फार शहाणी झालीये."

"हे मी सरांना सांगू? मातोश्रींना रेष शहाणी वाटते, म्हणून चाचणी रद्द?" ती हसली. मग आईचा चेहरा पाहून हसू आवरलं. "बरं. तुला काय वाटतंय, आत तंतू आरपार गेलाय?"

"तसा गेला असेल तर करंट त्याच्यातूनच जाईल. काही चढणार नाही, काही उतरणार नाही. त्रास नाही, म्हणून व्होल्टेजही नाही."

खारू खुर्ची ओढून बसली. "मग तांब्याच्या सेलला विचारू. त्याला तोच लेप आहे आणि तोही तेवढ्याच वेळा चालवलाय."

त्या सेलमध्ये एका बाजूला कोरं तांबं होतं. त्याच्यावर लिथियम चढवायचं आणि परत उतरवायचं. सगळं उतरलं की तांबं उघडं पडतं आणि व्होल्टेज उसळी मारतं. पण या चाचणीचा प्रोग्रॅम बाईंनीच घड्याळाच्या हिशोबाने बांधला होता: जेवढा वेळ चढवलं, तेवढाच वेळ उतरव, मग थांब. थोडं लिथियम वाया गेलं असतं तर उसळी वेळेआधीच आली असती; ती दिसली नाही, तेव्हा लिथियम पुरेपूर परत आलं असं सगळे धरून चालले होते.

खारूने वेळेची अट काढली. व्होल्टेज वर गेल्यावरच थांब, एवढंच ठेवलं.

चढवणं झालं. उतरवणं सुरू झालं. ठरलेली वेळ आली, गेली. रेष तळाशी सपाट. सरही मागे येऊन उभे राहिले. चढवलं होतं त्याच्या दुप्पट उतरलं, तरी सेल देतच होता. जे त्याला कुणी कधी दिलंच नव्हतं, ते तो निमूट परत करत होता. म्हणजे लिथियम उतरतच नव्हतं, करंट तंतूतून नुसता आरपार जात होता.

"बंद कर गं ते," बाई हळूच म्हणाल्या.

तो सेल त्यांनी पेटीत नेऊन उघडला. चकचकीत पत्र्याची राखेसारखी भुकटी झाली होती. लेप भेगाळला होता; प्रत्येक भेगेत उघडं लिथियम सेलमध्ये भरलेल्या द्रावणाशी भिडून नवी साल धरत गेलं होतं, आणि त्यात लिथियमही संपलं, द्रावणही. भुकटीतले कण अजून धातूच होते, पण आपापल्या सालीत गुंडाळलेले, कशालाच न जोडलेले. जिवंत पुरल्यासारखे. दोन टोकांमधल्या पडद्यावर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. बाईंनी पडदा उलटला. ठिपका मागेही होता.

"मलाही ती रेष फार आवडली होती, बाई," सर एवढंच म्हणाले.

"मोठा सेल?" बाईंनी विचारलं.

खारू आधीच उठली होती. चाचणीच्या खोलीत न जाता तिने बाहेरच्या संगणकावर त्याचं व्होल्टेज लावलं. सेल वाळूच्या पेटीत एकटा होता, सकाळपासून त्याला व्होल्टेज आणि तापमान मोजायच्या तारांखेरीज काहीही जोडलेलं नव्हतं, आणि आकडा उतरत होता. हळूहळू, थांबत थांबत, जणू त्या बंद खोलीत बसून कुणीतरी तो वापरत होतं.

"सकाळी मीच तो हातात धरून तिथे ठेवला," खारू म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

सरांनी चाचणीच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि ते दुपारची चाचणी रद्द केल्याचा फोन करायला गेले. जलद चार्जचा करंट त्या तंतूतून गेला असता तर सेल खारूच्या हाताशीच पेटला असता. खोलीतल्या कॅमेऱ्यात सेलचं पिशवीसारखं आवरण किंचित फुगलेलं दिसत होतं. तापमान दोन-चार अंश चढलं, घुटमळलं, पुन्हा उतरू लागलं.

"आई, तू घरी जा. मी बघते."

"तू इथे आहेस तोवर मी कुठे जाऊ?"

 खारूने दुसरी खुर्ची आणून आपल्या खुर्चीला खेटून ठेवली. व्होल्टेजचा आकडा शून्याला टेकेपर्यंत दोघी तिथे बसून राहिल्या, आणि बाई मधूनमधून लेकीशी उगाच काहीबाही बोलत राहिल्या, तिने उत्तर द्यावं म्हणून.